सहा पगार, एक तास: मीटिंगचा पगारखर्च कसा काढायचा

सहा जण तासभर मीटिंगला बसले, तर त्या तासापोटी पगाराचे किती पैसे खर्ची पडले? गणित शाळेतल्याइतकंच सोपं आहे: पगाराला तासांनी भागायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. तरीही हा हिशेब दोन जणांना वेगवेगळा करायला सांगितला, तर एकाचं उत्तर २,१६७ येतं आणि दुसऱ्याचं ३,३९१. दोघांची बेरीज बरोबर असते, पगारही तेच असतात. फरक असतो तो कशाने भागलं यात. म्हणून या लेखात पगारापेक्षा तासांवर जास्त बोलणार आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. सॉफ्टवेअरच्या एका प्रोजेक्टची आढावा मीटिंग आहे, वेळ एक तास, माणसं सहा. आकड्यांपुढे चलन मुद्दाम लिहिलेलं नाही. तुमचं जे असेल ते धरा, पद्धत बदलत नाही.

| कोण | महिन्याचा पगार |
|---|---|
| विभागप्रमुख | १,८०,००० |
| प्रोजेक्ट मॅनेजर | १,१०,००० |
| सीनियर डेव्हलपर | ९५,००० |
| डिझायनर | ६२,००० |
| टेस्टर | ४८,००० |
| ट्रेनी | २५,००० |
| एकूण | ५,२०,००० |

पायरी १: कोणता पगार धरायचा ते आधी ठरवा

पगाराच्या स्लिपवर निदान दोन रकमा असतात. एक कपातीपूर्वीची आणि दुसरी कर वगैरे वजा जाऊन हातात येणारी. आपल्याला पहिली हवी. कर कापला तरी ते पैसे कंपनीच्या खिशातून गेलेलेच असतात. फक्त ते कर्मचाऱ्याकडे न जाता दुसरीकडे गेले एवढंच. हातात येणाऱ्या पगारावर हिशेब केला तर खर्च कमी दिसतो. शिवाय जास्त पगारावर करही सहसा जास्त दराने कापला जातो, त्यामुळे वरच्या माणसाचा तास खऱ्यापेक्षा जास्तच स्वस्त दिसायला लागतो.

वर्षातून एकदा ठरलेला बोनस मिळत असेल तर त्याचा बारावा भाग महिन्याच्या पगारात मिळवा. मिळेल की नाही याची खात्री नसलेला बोनस सोडून द्या.

याच्या पुढची रक्कम म्हणजे पगाराव्यतिरिक्त कंपनी त्या माणसासाठी भरते ते: निवृत्तीच्या निधीतला कंपनीचा हिस्सा, विमा आणि असंच काही. हे धरायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण एकदा ठरलं की सहाही जणांना तेच लावायचं. समजा हा वरचा भार पगाराच्या २० टक्के आहे. मग महिन्याची बेरीज ५,२०,००० ऐवजी ६,२४,००० होते आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच प्रमाणात वाढतो. इथे एक ठेच हमखास लागते. एचआरकडून आलेल्या यादीत कंपनीचा हिस्सा आधीच मिळवलेला असतो आणि आपण त्यावर पुन्हा २० टक्के चढवतो. यादी हातात आली की पहिला प्रश्न हाच विचारा: ही रक्कम स्लिपवरची आहे, की कंपनीला पडणारी एकूण?

या लेखात आपण स्लिपवरचा, कपातीपूर्वीचा पगार धरतोय. विषय पगारखर्चाचा आहे, म्हणून तेवढाच.

पायरी २: महिन्याचे तास काढा

खरी मेख इथे आहे. महिना हे हिशेबाला गैरसोयीचं माप आहे. फेब्रुवारीत कामाचे २० दिवस भरतात, तर एखाद्या महिन्यात २३ येतात. रोज आठ तास धरले तर एका महिन्यात १६० तास आणि दुसऱ्यात १८४. पगार मात्र दोन्ही महिन्यांत तोच. म्हणजे आपली मीटिंग २० दिवसांच्या महिन्यात ३,२५० ला पडते आणि २३ दिवसांच्या महिन्यात २,८२६ ला. गणिताने हे बरोबर आहे, पण उपयोग काय? लांब महिन्यात मीटिंगा स्वस्त होतात असं म्हणण्याला काही अर्थ नाही. त्यामुळे महिना सोडायचा आणि वर्षावर जायचं.

वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे ४० तास, म्हणजे २,०८० तास. त्याला १२ ने भागलं की सरासरी महिन्याचे १७३.३३ तास मिळतात. पाच दिवसांच्या आठवड्याला हाच आकडा वापरा. आठवडा सहा दिवसांचा असेल आणि रोज आठ तास असतील, तर ४८ गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे बरोबर २०८. वर्षात ५२ आठवड्यांवर एखाददुसरा दिवस उरतोच, पण त्याने पडणारा फरक एका टक्क्याच्याही आत असतो; त्यामागे लागू नका.

आता लोक याऐवजी काय काय वापरतात ते पाहू, म्हणजे दुसऱ्याने काढलेला आकडा समोर आला की तो कुठून आला हे तुम्हाला ओळखता येईल.

सगळ्यात जास्त भेटतो तो १६०. महिन्याचे चार आठवडे, आठवड्याचे ४० तास, झाले १६०. पण चार आठवड्यांचे बारा महिने केले तर वर्ष ४८ आठवड्यांचं होतं. उरलेले चार आठवडे गायब, आणि त्यापायी प्रत्येक मीटिंग सुमारे सव्वाआठ टक्क्यांनी महाग दिसते. आपल्या उदाहरणात ३,००० ऐवजी ३,२५०. एखाद्या वर्षी चार आठवडे सुट्ट्या जातात म्हणून मुद्दाम १६० धरला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तसं लिहायला हवं. बहुतेक वेळा कुणी तसा विचार केलेला नसतो.

दुसरा भेटतो तो २४०, म्हणजे ३० दिवस गुणिले आठ तास. याचा उगम पगारपत्रकात आहे. बिनपगारी रजा झाली की बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या पगाराला ३० ने भागून एका दिवसाची कपात काढतात. कपातीसाठी ते चालतं, कारण तिथे साप्ताहिक सुट्टीचे दिवसही पगारी म्हणून मोजलेले असतात. पण तोच दिवसाचा दर उचलून आठाने भागला, तर माणूस शनिवार-रविवारीसुद्धा आठ तास कामावर होता असं आपण धरतो. ताशी दर एकदम खाली येतो आणि आपली मीटिंग २,१६७ ची होते. लेखाच्या सुरुवातीचा पहिला आकडा हाच. उत्तर अपेक्षेपेक्षा चौथ्या हिश्शाने वगैरे कमी दिसलं, की आधी या ३० चा शोध घ्या.

कधीकधी ३० दिवस गुणिले २४ तास, म्हणजे ७२०, असाही भाजक सापडतो. तेव्हा उत्तर ७२२ येतं. सहा जणांच्या तासाला, त्यात विभागप्रमुख असताना, सातशे? इतका बेताल आकडा कुणाच्याही लगेच लक्षात येतो, म्हणून ही चूक फारशी टिकत नाही.

आता आणखी एक भाजक, जो चुकीचा अजिबात नाही, फक्त वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. पगार २,०८० तासांचा मिळतो, पण माणूस तेवढे तास हजर नसतो. समजा वर्षात सार्वजनिक सुट्ट्या १० आणि पगारी रजा २०. म्हणजे ३० दिवस, २४० तास. उरले १,८४० तास, महिन्याला १५३.३३. त्याने भागलं तर मीटिंग ३,३९१ ची होते. सुरुवातीचा दुसरा आकडा हा.

२,०८० तासांचा भाजक सांगतो की कंपनी एका पगारी तासाला किती देते. १,८४० तासांचा सांगतो की माणूस प्रत्यक्ष कामावर असलेला एक तास कंपनीला कितीला पडतो. ग्राहकाला तासाप्रमाणे बिल लावणाऱ्या कंपन्यांना १,८४० चा जास्त कामाचा, कारण रजेवरचे तास विकता येत नाहीत. नुसता मीटिंगचा अंदाज घ्यायचा असेल, तर माझं मत २,०८० च्या बाजूने आहे. तो काढायला कुणाची रजा विचारावी लागत नाही आणि दोन विभागांच्या मीटिंगा एकाच मापाने मोजता येतात.

यापुढे जाऊन काही जण दिवसातले 'खरे' कामाचे तास धरतात: चहापाणी वजा, ईमेल वजा, आठातले पाचच उरले. या वाटेने गेलं की आकडा हवा तितका फुगवता येतो. मी तिकडे जात नाही. तसंच विभागप्रमुख रोज अकरा तास थांबत असतील, तरी त्यांच्या करारातले ४० च तास धरावेत. प्रत्यक्ष तास धरले तर ते जितके जास्त राबतील तितका त्यांचा तास स्वस्त दिसेल, आणि त्यांना आणखी मीटिंगांना बोलवावं असं कागद सांगायला लागेल.

पायरी ३: भागा आणि बेरीज करा

१७३.३३ ने प्रत्येकाचा पगार भागला की ताशी दर मिळतो. वहीत करताना मात्र पगार गुणिले १२ भागिले २,०८० असं करा. दशांशात कापलेला १७३.३३ वापरला की बेरजेत किरकोळ पैशांचा फरक राहतो आणि मग तो शोधण्यात वेळ जातो.

| कोण | एका तासाचा पगारखर्च |
|---|---|
| विभागप्रमुख | १,०३८.४६ |
| प्रोजेक्ट मॅनेजर | ६३४.६२ |
| सीनियर डेव्हलपर | ५४८.०८ |
| डिझायनर | ३५७.६९ |
| टेस्टर | २७६.९२ |
| ट्रेनी | १४४.२३ |
| एकूण | ३,०००.०० |

तास तीन हजारांचा, म्हणजे मिनिट ५० चं. पुढे हा मिनिटाचा दर फार उपयोगी पडतो.

सहा वेगळे भागाकार न करता आधी पगारांची बेरीज करून एकदाच भागलं तरी उत्तर तेच येतं: ५,२०,००० गुणिले १२ भागिले २,०८०. सगळ्यांचा भाजक एकच असल्यामुळे हे चालतं. सरासरी पगार काढून सहाने गुणणंही चालतं, पण सरासरी याच सहा जणांची हवी. अख्ख्या कंपनीची सरासरी घेतली तर या मीटिंगमधला वरचा पगार त्यात बुडून जातो. आणि 'मधला' पगार, म्हणजे उतरत्या क्रमाने लावून मधोमध येणारा, घेतला तर आपल्या उदाहरणात तो ९५,००० आणि ६२,००० यांच्या मध्ये, ७८,५०० येतो. सहाने गुणला तर ४,७१,०००. खऱ्या बेरजेपेक्षा ४९,००० कमी. पगार असमान असले की मधला पगार वरच्या माणसाला विसरतो.

तक्त्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वरच्या दोघांचे मिळून १,६७३ होतात, म्हणजे निम्म्याहून जास्त खर्च दोन खुर्च्यांवर आहे. त्यामुळे अंदाजाने काम करत असाल तर मेहनत वरच्या पगारांवर घ्या. ट्रेनीचा पगार दहा टक्के चुकला तर तासाला १४ चा फरक पडतो. विभागप्रमुखांचा चुकला तर १०४ चा.

पायरी ४: सगळे सारखे नसतील तेव्हा

बेरीज करून एकदाच भागण्याचा शॉर्टकट दोन ठिकाणी फसतो.

पहिलं ठिकाण म्हणजे अर्धवेळ काम करणारा माणूस. समजा आपली डिझायनर आठवड्याला २५ तासच काम करते आणि ६२,००० हा त्या २५ तासांचा पगार आहे. तिचे वर्षाचे तास १,३०० झाले, म्हणून ताशी दर ७,४४,००० भागिले १,३००, म्हणजे ५७२.३१. सगळ्यांबरोबर तिलाही २,०८० ने भागलं असतं तर ३५७.६९ दिसले असते. यादीत ती टेस्टरच्या जेमतेम वर आहे, पण तिचा तास सीनियर डेव्हलपरपेक्षा महाग आहे. मीटिंगचा खर्च ३,००० वरून ३,२१५ वर जातो. म्हणून यादीत पगारासमोर आठवड्याचे तास नसतील, तर ते मागून घ्या. उलट गोष्टही घडते: अर्धवेळ माणसासमोर पूर्णवेळेच्या तुलनेतला पगार लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात त्याला त्याचा काही भागच मिळतो. त्या रकमेला पूर्ण ४० तासांनीच भागायचं.

दुसरं ठिकाण म्हणजे प्रत्येकाची वेगळी वेळ. इथून पुढे डिझायनरही पूर्णवेळ आहे असं पुन्हा धरू. विभागप्रमुख पहिली २० मिनिटं बसले आणि उठून गेले, तर त्यांचे ३४६ धरायचे. मीटिंग २,३०८ ला पडली. वाचले ६९२. आता तुलना करा: टेस्टर आणि ट्रेनी या दोघांना बोलावलंच नसतं तर वाचले असते ४२१. खर्च कमी करायचा म्हणून खालच्या माणसांना वगळण्याची पद्धत सगळीकडे दिसते, पण हिशेब तिला साथ देत नाही.

उशिराचंही तसंच. मीटिंग दहाची, पाच जण वेळेवर हजर, विभागप्रमुख दहा वाजून दहा मिनिटांनी आले आणि मग पूर्ण तासभर चर्चा झाली. निमंत्रणात एक तास लिहिलाय, पण पाच जणांची ७० मिनिटं गेली. पाच जणांचा तासाचा खर्च १,९६१.५४, त्याची दहा मिनिटं म्हणजे ३२७. मीटिंग ३,३२७ ची. कॅलेंडरवरून हिशेब केला तर हे ३२७ कुठेच दिसत नाहीत. खऱ्या वेळा हव्या असतील तर कुणीतरी सुरू आणि संपल्याची वेळ टिपून ठेवायला हवी.

पायरी ५: शीटमध्ये बसवा

एका ओळीत एक माणूस. पहिल्या रकान्यात पद, `B` मध्ये महिन्याचा पगार, `C` मध्ये आठवड्याचे तास, `D` मध्ये मीटिंगला दिलेली मिनिटं. पहिली ओळ शीर्षकांची, म्हणून सहा माणसं दोनपासून सातपर्यंतच्या ओळींत येतात. मग कुठल्याही रिकाम्या चौकटीत हे टाका:

```
=SUMPRODUCT(B2:B7*12/(C2:C7*52),D2:D7/60)
```

सगळ्यांसमोर ४० तास आणि ६० मिनिटं असतील तर उत्तर 3000 यायला हवं. डिझायनरचे तास 25 केले की 3214.62. हे दोन आकडे जुळले म्हणजे सूत्र नीट बसलं. `C` ची चौकट रिकामी राहिली तर शून्याने भागल्याची `#DIV/0!` ही खूण दिसते, त्यामुळे ती चूक लपत नाही. `D` रिकामी राहिली तर मात्र तो माणूस गुपचूप शून्य मिनिटांचा होतो आणि खर्च कमी दिसतो. सूत्रात स्वल्पविराम चालत नसेल तर त्या जागी अर्धविराम टाकून पाहा. ते कॉम्प्युटरच्या प्रादेशिक सेटिंगवर असतं.

सगळ्यांचे तास ४० आणि मिनिटं ६० असतील तर एवढंही पुरे:

```
=SUM(B2:B7)*12/(40*52)
```

पण याला एक खोड आहे. `SUM` मजकूर असलेल्या चौकटी न बोलता सोडून देतो. दुसरीकडून कॉपी करून आणलेले पगार दिसायला आकडे असतात, पण शीटच्या लेखी मजकूर असतात, कारण मागे एखादी रिकामी जागा किंवा चलनाचं चिन्ह चिकटून आलेलं असतं. देवनागरी अंक टाइप केले तरी तसं होऊ शकतं, म्हणून शीटमध्ये इंग्रजी अंकच वापरा. विभागप्रमुखांचा पगार असा मजकूर ठरला, तर उत्तर 3000 ऐवजी 1961.54 येतं आणि चुकीची कुठलीही खूण दिसत नाही. ओळखायचं कसं? आकडे आपोआप चौकटीच्या उजव्या कडेला जातात, मजकूर डावीकडे राहतो. आणखी पक्कं हवं तर हे टाका:

```
=COUNT(B2:B7)
```

उत्तर 6 आलं नाही, तर एखादा पगार आकडा म्हणून मोजलाच गेलेला नाही.

पायरी ६: दर आठवड्याची मीटिंग असेल तर

एका तासाचे ३,००० ऐकून कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. पण हीच आढावा मीटिंग दर आठवड्याला असेल तर ५२ गुणिले ३,०००, म्हणजे १,५६,००० वर्षाला.

इथेच दोन भाजकांची गल्लत होते. ज्याने १,८४० तासांवर ३,३९१ काढले, त्याने ५२ ने गुणलं तर १,७६,००० च्या वर जातं. हे जास्तीचे वीस हजार खोटे आहेत. १,८४० तास म्हणजे ४६ आठवडे. उरलेले सहा आठवडे माणूस सुट्टीवर आहे हे गृहीत धरूनच तो भाजक आला होता. मग गुणायचंही ४६ नेच. ३,३९१.३० गुणिले ४६ करून पाहा, पुन्हा १,५६,००० च येतात. भाजकात सुट्ट्या वजा केल्या असतील तर गुणताना आठवड्यांतूनही वजा करा. तिथे केल्या नसतील तर इथेही करू नका.

पडताळा घ्यायला याहून सोपी वाट आहे. आठवड्याच्या ४० तासांतला एक तास म्हणजे चाळिसावा भाग. सहा जणांचा वर्षाचा पगार ६२,४०,०००. त्याचा चाळिसावा भाग १,५६,०००. ना महिना, ना ताशी दर. आठवड्याच्या मीटिंगचा वार्षिक खर्च कुणी पुढे केला, की मी आधी हा चाळिसावा भाग तोंडी काढून बघतो.

पायरी ७: पगार माहीत नसतील, किंवा माहीत होऊ द्यायचे नसतील

बऱ्याच ठिकाणी एकमेकांचे पगार गुपित असतात, आणि हा हिशेब ते नकळत फोडू शकतो. समजा तुम्ही टीमला सांगितलं की सहा जणांसह मीटिंग ३,००० ची आणि विभागप्रमुखांशिवाय १,९६१.५४ ची. ज्याला भाजक माहीत आहे तो वजाबाकी करेल, १,०३८.४६ ला १७३.३३ ने गुणेल, आणि विभागप्रमुखांचा १,८०,००० पगार त्याच्या कागदावर असेल. सहा नावांसमोरची एकच बेरीज तशी निरुपद्रवी असते. एक माणूस कमी-जास्त करून दिलेल्या दोन बेरजा पगार उघड करतात. म्हणून एकच आकडा द्या, तोही जवळच्या शंभरावर किंवा पाचशेवर आणून. आणि रकाने भरलेली शीट तर पाठवूच नका. रकाना लपवला तरी तो परत उघडता येतो.

पगारांऐवजी पदांच्या श्रेणी वापरणं हा त्याहून बरा मार्ग. वरची श्रेणी १,५०,०००, मधली १,००,०००, खालची ४५,००० अशी ढोबळ सरासरी एचआरकडून घ्या. आपल्या मीटिंगमध्ये वरच्या श्रेणीत एक, मधल्या श्रेणीत दोन, खालच्या श्रेणीत तीन. बेरीज ४,८५,०००, तासाचा खर्च २,७९८. खऱ्यापेक्षा दोनशेने कमी, म्हणजे सात टक्क्यांच्या आत. मीटिंग ठेवायची की नाही एवढं ठरवायला इतका अंदाज पुरतो. शॉपिफाय या कंपनीने २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांच्या कॅलेंडरमध्ये तीन किंवा जास्त जणांच्या मीटिंगचा अंदाजे खर्च दाखवायला सुरुवात केली, तेव्हा तिथेही व्यक्तीचा पगार न घेता पदांनुसार सरासरी मोबदला वापरला होता.

पायरी ८: आकडा लिहून देताना

वरिष्ठांना हा आकडा दिला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: मीटिंग रद्द केली तर ३,००० परत मिळणार आहेत का? नाही मिळणार. पगार महिन्याचा ठरलेला आहे. मीटिंग झाली तरी तेवढाच, नाही झाली तरी तेवढाच. ३,००० हा त्या तासाच्या वाट्याला आलेला पगार आहे, वाचलेली रक्कम नव्हे. त्यामुळे 'वर्षाला १,५६,००० वाचतील' असं कधी लिहू नका. 'वर्षाला १,५६,००० च्या पगाराचा वेळ या मीटिंगला जातो' असं लिहा. ते खरं आहे आणि त्यावर वाद होत नाही. यात जागेचं भाडं, वीज, आधीची तयारी, नंतरचं इतिवृत्त लिहिण्याचा वेळ, यातलं काहीच नाही. तयारीचा वेळ मोठा असेल तर त्या माणसाची मिनिटं `D` मध्ये वाढवा. ट्रेनीने सादरीकरणासाठी तीन तास घालवले असतील तर त्याचे ४३३ मिळवावेच लागतील.

आकड्याखाली त्याचा आधार दोन ओळींत लिहिला की पुन्हा कुणी विचारायला येत नाही. आपल्या मीटिंगसाठी तो असा होईल:

'सहा उपस्थितांचा एका तासाचा पगारखर्च अंदाजे ३,०००. कपातीपूर्वीचा मासिक पगार धरला आहे, कंपनीचा हिस्सा आणि बोनस धरलेला नाही. वर्षाचे २,०८० पगारी तास. सुट्ट्या वजा केलेल्या नाहीत. सर्वजण पूर्णवेळ आणि पूर्ण ६० मिनिटं हजर.'